प्रॉडक्ट फोटोतली धूळ, चरे आणि बोटांचे ठसे काढताना खरा पोत कसा टिकवायचा?

प्रश्न: मनगटी घड्याळाचे क्लोजअप काढले आहेत. ब्रश फिनिशची, म्हणजे एकाच दिशेच्या बारीक रेषांची, स्टील केस, वर काच, चामड्याचा पट्टा. मोठं करून पाहिलं की धूळ, बारीक चरे आणि बोटांचे ठसे दिसतात. फोटोशॉपमध्ये फिल्टर लावला की धूळ जाते, पण स्टील प्लॅस्टिकसारखं आणि चामडं रेक्झिनसारखं दिसायला लागतं. रिटच करणाऱ्याला नेमक्या काय सूचना द्याव्यात?

उत्तर:

सूचना लिहिण्याआधी हे तीन दोष वेगळे करा, कारण तिघांवरचा उपाय एक नाही. धुळीचा कण पोत झाकतो. त्याच्याखालचं काहीच फोटोत आलेलं नसतं, म्हणून तिथे शेजारचा पोत आणून बसवावाच लागतो. चरा पोत कापतो. तिथेही नवा पोत आणावा लागतो, पण तो रेषेला रेष जुळवून. बोटाचा ठसा मात्र पोतावर तेलाचा पातळ पडदा धरतो आणि स्टीलच्या रेषा त्याच्याखाली तशाच शाबूत असतात. तिथे पोत बदलायचा नसतो, फक्त उजेडातला फरक काढायचा असतो. सगळं गुळगुळीत होण्याचं मुख्य कारण हेच, की ठशावरही हीलिंग ब्रश फिरवला जातो आणि धुळीसाठी अख्ख्या फोटोवर फिल्टर मारला जातो.

`Dust & Scratches` फिल्टर काय करतो ते पाहिलं की बिघाड कुठे होतो ते कळतं. दिलेल्या त्रिज्येतल्या पिक्सेलचा मध्यक काढून तो बाकीच्यांपेक्षा वेगळा पडणारा पिक्सेल बदलतो. आता समजा स्टीलवर एका उजळ रेषेपासून पुढच्या उजळ रेषेपर्यंतचं अंतर ६ पिक्सेल आहे आणि तुम्ही त्रिज्या ४ ठेवली. मग फिल्टरच्या दृष्टीने प्रत्येक रेष हाच एक चरा आहे. तो इमानेइतबारे सगळे चरे काढतो, म्हणजे फिनिशच काढतो.

रॉ फाइल उघडताना

रिटचसाठीची फाइल १६ बिटची काढा. रॉ कन्व्हर्टरमध्ये शार्पनिंग शून्यावर किंवा अगदी कमी ठेवा. शार्पनिंगमुळे प्रत्येक कणाभोवती उजळ आणि काळी कड तयार होते. मग कण काढला तरी कड उरते आणि ती काढायला ब्रश दुप्पट मोठा घ्यावा लागतो, म्हणजे चौपट पोत विनाकारण बदलतो. नॉइज रिडक्शनही बंद ठेवा, कारण ते चामड्याची बारीक छिद्रं आधीच पुसून टाकतं. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, अंतिम आकाराच्या प्रतीवर करा.

सेन्सरवरची धूळ आणि घड्याळावरची धूळ यांत गल्लत होऊ देऊ नका. सेन्सरवरचा कण फोटोत मऊ कडांचा, गोलसर, काळपट डाग म्हणून येतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो. f/१६ सारख्या लहान छिद्रावर तो जास्त उठून दिसतो. घड्याळावरचा कण बाजूच्या प्रकाशात चमकतो, त्याची कड धारदार असते आणि बहुतेकदा एका बाजूला छोटी सावलीही असते. ही सावली लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आधी मोजमाप

बहुतेक सूचनांमध्ये हीच पायरी नसते. समजा घड्याळाची केस ४० मिलिमीटरची आहे आणि फोटोत तिने ३००० पिक्सेल व्यापले आहेत. म्हणजे एका मिलिमीटरला ७५ पिक्सेल. बोटाच्या ठशातल्या एका कंगोऱ्यापासून पुढच्या कंगोऱ्यापर्यंतचं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असतं, म्हणजे या फोटोत सुमारे ३७ पिक्सेल. स्टीलच्या रेषांमधलं अंतर १०० टक्के झूमवर रुलर टूलने मोजा. एकच अंतर मोजू नका. पहिल्या रेषेपासून अकराव्या रेषेपर्यंतचं अंतर मोजून दहाने भागा. आपल्या उदाहरणात ते ६ पिक्सेल धरू.

६ आणि ३७ या आकड्यांमध्ये भरपूर जागा आहे, म्हणून या फोटोत ठसा आणि फिनिश एकमेकांपासून स्वच्छ वेगळे करता येतात. फोटो लांबून काढला असेल आणि केस फक्त ६०० पिक्सेलची असेल, तर रेषा जवळजवळ एका पिक्सेलच्या होतात आणि ठशाचे कंगोरे सात-आठ पिक्सेलचे. तेव्हा ही पद्धत ओढाताणीने चालते. ठसा मोठा असेल तर काच-केस पुसून फोटो पुन्हा काढणंच स्वस्त पडतं.

धूळ

मूळ लेयरला हात लावायचा नाही. वर एक रिकामा लेयर घ्या, हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टॅम्प दोन्हींत `Sample: Current & Below` ठेवा आणि सगळी दुरुस्ती त्या लेयरवर करा. चूक झाली तर तेवढाच भाग खोडता येतो.

धूळ शोधण्यासाठी सगळ्यात वर एक तात्पुरता Curves लेयर ठेवा आणि त्यातली रेष नागमोडी करा, दोन-तीनदा वर-खाली. फोटो भयानक दिसेल, पण सपाट भागातले न दिसणारे कण लख्ख दिसू लागतील. एक सावधगिरी आहे. स्पॉट हीलिंग ब्रशमध्ये सगळे लेयर वाचण्याची खूण केलेली असेल, तर तो या नागमोडी रंगांसकट नमुना घेतो आणि ते रंग तुमच्या दुरुस्तीच्या लेयरवर पक्के बसतात. म्हणून या तपासणीच्या लेयरखाली काम करताना `Current & Below` असलेली साधनंच वापरा.

या लेयरखाली दिसलेला प्रत्येक ठिपका काढू नका. तो बंद केल्यावर १०० टक्के झूमवर जो दिसत नाही, त्याला हात लावायचं कारण नाही. ४०० टक्क्यांवर जाऊन कण वेचत बसणारा माणूस नकळत चामड्याची छिद्रंही वेचतो.

चामड्यावर सगळ्यात उपयोगी पडतो तो `Darken` ब्लेंड मोडच्या वेगळ्या रिकाम्या लेयरवर चालवलेला क्लोन स्टॅम्प. धुळीचा कण आजूबाजूच्या चामड्यापेक्षा उजळ असतो. `Darken` मध्ये स्टॅम्प फक्त तेवढेच पिक्सेल बदलतो जे नमुन्यापेक्षा उजळ आहेत. म्हणजे कण जातो, पण त्याच्या शेजारची काळसर छिद्रं आणि सुरकुत्या जागच्या जागी राहतात. ब्रश कणापेक्षा किंचितच मोठा घ्या, हार्डनेस ५० ते ७० टक्के. अगदी मऊ ब्रशची कड नवा आणि जुना पोत अर्धा-अर्धा मिसळते, आणि दोन पोतांची सरासरी म्हणजेच धूसरपणा. मऊ ब्रश सुरक्षित असतो हा समज पोताच्या कामात उलटा पडतो.

कण गेला की त्याची ती छोटी सावली मागे उरते. तिच्यासाठी `Lighten` ब्लेंड मोडचा आणखी एक रिकामा लेयर घेऊन त्यावर एकच टिचकी द्या. नमुना दर दोन-तीन कणांनंतर नव्या जागेवरून घ्या, नाहीतर तेच छिद्र रांगेत पाच वेळा दिसतं. डोळ्याला ही पुनरावृत्ती धुळीपेक्षा लवकर खटकते.

पट्ट्याची शिलाई आणि केसची कड यांच्याजवळ हीलिंग ब्रश वापरू नका. तो नमुन्याचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड आजूबाजूच्या पिक्सेलमधून जुळवतो. कड जवळ असली की पलीकडचा काळा किंवा पांढरा रंग आत ओढला जाऊन मळकट डाग पडतो. तिथे क्लोन स्टॅम्प घ्या. हीलिंगच करायचं असेल तर आधी कडेपर्यंतचं सिलेक्शन करा, म्हणजे पलीकडचा रंग आत येत नाही.

मघाचा बदनाम फिल्टरही पूर्ण टाकाऊ नाही. मॅट प्लॅस्टिकसारख्या सपाट भागावर शेकडो कण असतील तर एका प्रतीवर तो लावा, त्या प्रतीचा ब्लेंड मोड `Darken` ठेवा, मास्क पूर्ण काळा करा आणि फक्त कणांवर पांढऱ्या ब्रशने टिंब द्या. त्यातला Threshold अंदाजाने ठेवायचा नाही. Info पॅनेलमध्ये पाहा: पोत समजा सरासरीच्या ८ पातळ्या वर-खाली होतो आणि कण ४० पातळ्यांनी उजळ आहे. मग Threshold २० च्या आसपास ठेवला की कण पकडला जातो आणि पोत सुटतो. ब्रश फिनिशवर मात्र हा उपाय नको, कारण तिथे रेषा आणि कण यांच्या उजेडातला फरक अनेकदा सारखाच असतो.

स्टीलवरचा चरा

ब्रश फिनिशच्या रेषा आडव्या आहेत आणि चरा त्यांना तिरका छेदतो, असं धरू. इथे नमुना चऱ्याच्या वरून किंवा खालून घेतला तर रेषा जुळणार नाहीत आणि दुरुस्तीची जागा ठिगळासारखी दिसेल. नमुना रेषेच्याच दिशेने, चऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने घ्यायचा. हाताने हे अचूक होत नाही. Clone Source पॅनेल उघडा आणि तिथल्या ऑफसेटमध्ये उभ्या दिशेचा आकडा, म्हणजे Y, शून्य करा. आडवा, म्हणजे X, ३० ते ६० पिक्सेल ठेवा. मग प्रत्येक रेष स्वतःच्याच पुढच्या तुकड्याने भरली जाते.

चरा लांब असेल तर एका दमात ब्रश ओढू नका. ब्रश फिनिशवर उजेड रेषेच्या दिशेने हळूहळू बदलत जातो, म्हणून ६० पिक्सेल अंतरावरचा तुकडा किंचित उजळ किंवा काळा असू शकतो. तसं दिसलं तर ऑफसेट कमी करा किंवा तेवढ्यापुरता हीलिंग ब्रश घ्या. त्यालाही हाच ऑफसेट लागू होतो आणि उजेड तो स्वतः जुळवतो.

रेषा कॅमेऱ्यात तिरक्या आल्या असतील तर त्या आडव्या करण्यासाठी अख्खा फोटो फिरवू नका. फोटो कोणत्याही आडनिड्या कोनात फिरवला की प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जातो आणि सगळा पोत थोडा मऊ होतो. परत उलटा फिरवलात तर आणखी मऊ. त्यापेक्षा ऑफसेटचे X आणि Y दोन्ही आकडे रेषेच्या उताराप्रमाणे भरा. रेष १०० पिक्सेल पुढे जाताना २० पिक्सेल खाली उतरत असेल, तर X ५० आणि Y १०.

स्टीलवरचा ठसा

धूळ आणि चरे संपल्यावरच इकडे वळा. क्रम उलटा झाला तर पुढच्या पायरीत प्रत्येक कण अर्धा एका लेयरमध्ये आणि अर्धा दुसऱ्यात जातो, मग तो दोनदा काढावा लागतो.

आता फोटोचे दोन भाग करायचे: एकात फक्त उजेड आणि रंग, दुसऱ्यात फक्त बारीक पोत. तपासणीचा Curves लेयर बंद करा, `Ctrl+Alt+Shift+E` दाबून सगळ्याची एकत्र प्रत घ्या आणि तिचीच आणखी एक प्रत करा. खालच्या प्रतीला Tone आणि वरच्या प्रतीला Texture नाव द्या. Tone वर Gaussian Blur लावायचा. त्याची त्रिज्या किती ठेवायची, यावरच बहुतेकांचं काम फसतं. शिकवण्यांमध्ये त्वचेसाठी सांगितलेला ८ किंवा १० हा आकडा लोक इथेही टाकतात. तो चुकीचा आहे.

हिशेब सोपा आहे. एखाद्या पोताच्या दोन रेषांमधल्या अंतराच्या निम्मी त्रिज्या घेतली की तो पोत ब्लरमधून जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो. आपल्या रेषा ६ पिक्सेलच्या, म्हणून त्रिज्या ३. या ब्लरमध्ये ६ पिक्सेलच्या रेषेचा कॉन्ट्रास्ट एक टक्काही उरत नाही, पण ३७ पिक्सेलच्या कंगोऱ्याचा साधारण ८८ टक्के उरतो. म्हणजे फिनिश सगळं Texture मध्ये गेलं आणि ठसा बहुतांश Tone मध्ये राहिला. त्रिज्या १० घेतली असती तर कंगोऱ्यांचा बराच मोठा भाग Texture मध्ये गेला असता आणि तिथून तो रेषा न बिघडवता काढणं फार अवघड.

ब्लर झाल्यावर Texture लेयर निवडून `Image > Apply Image` मध्ये १६ बिटसाठी हे भरा:

```
Layer: Tone
Channel: RGB
Invert: on
Blending: Add
Opacity: 100
Scale: 2
Offset: 0
```

आणि Texture चा ब्लेंड मोड `Linear Light` करा. दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये टाकून ग्रुप बंद-चालू करून पाहा. फोटोत कणभरही फरक दिसता कामा नये. दिसला तर आकडा चुकला आहे किंवा फाइल ८ बिटची आहे. ८ बिटमध्ये Invert बंद, Blending ला Subtract, Scale २ आणि Offset १२८ असतं.

आता Tone लेयरवर या. ठशाभोवती लॅसोने सिलेक्शन करा, १५ पिक्सेल फेदर द्या आणि Gaussian Blur लावा. तोच नियम पुन्हा: कंगोरे ३७ पिक्सेलचे, म्हणून त्रिज्या १८. कंगोरे विरघळतात आणि वरच्या Texture मधल्या रेषा अजिबात हलत नाहीत.

केसच्या कडेपासून चाळीसेक पिक्सेलपर्यंत हा ब्लर वापरू नका. सिलेक्शनच्या आत ब्लर लावला तरी तो बाहेरचे पिक्सेल मोजतोच, त्यामुळे काचेभोवतीच्या पॉलिश केलेल्या बेझलचा काळा रंग केसवर उतरतो आणि कडेला राखाडी झालर दिसते. कडेजवळ Tone वर साधा मऊ ब्रश घ्या, फ्लो १० टक्के, `Alt` दाबून शेजारचा रंग उचला आणि हलक्या हाताने भरा. इथे मऊ ब्रश चालतो, कारण या लेयरवर पोतच नाही.

कंगोरे गेले तरी कधीकधी एक मंद, अंधुक पट्टा उरतो. तो तेलाच्या थराचा. Tone आणि Texture यांच्यामध्ये Curves लेयर घालून, मास्कवर तेवढाच भाग रंगवून, उजेड शेजारच्या भागाशी जुळवा. तेवढ्याने भागलं नाही आणि रेषाच फिक्या वाटत असतील, तर तेलाने खाचा भरल्यामुळे त्यांचा कॉन्ट्रास्ट उतरला आहे. Texture लेयरवर तोच भाग निवडा आणि Levels मध्ये काळं टोक १२, पांढरं टोक २४३ करा, मधला आकडा १.०० तसाच. त्यामुळे रेषा साधारण १० टक्क्यांनी उठतात आणि मधली राखाडी हलत नाही.

काचेवरचा ठसा

काचेखाली आकडे, काटे आणि छपाई असल्याने Tone वरचा ब्लर इथे घातक आहे. आकड्यांची कड पसरते आणि त्यांच्याभोवती धूर दिसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर अजून हलला नसेल तर काच पुसा, दुसरी फ्रेम काढा आणि मास्क लावून फक्त तेवढा भाग त्यातून घ्या. यापेक्षा चांगला उपाय नाही. ते शक्य नसेल तर ठसा काळ्या डायलवर उजळ पडदा टाकतो एवढंच लक्षात घेऊन Curves ने तो भाग खाली आणा आणि मास्क आकड्यांच्या कडेपर्यंत नेमका रंगवा. डायलवर मध्यापासून पसरणाऱ्या किरणांसारख्या रेषा असतील आणि त्याच खराब झाल्या असतील, तर Texture लेयरवर क्लोन करताना Clone Source मधला कोन ६ अंश ठेवा. मिनिटाच्या दोन खुणांमध्ये ६ अंशच असतात, त्यामुळे शेजारच्या मिनिटाचा तुकडा बरोबर दिशेने बसतो. हे डायल समोरून काढलेलं असेल तरच. तिरक्या फोटोत वर्तुळाचा लंबगोल होतो आणि कोन प्रत्येक जागी वेगळा येतो.

काम तपासताना

परत आलेली फाइल नुसत्या डोळ्यांनी पास करू नका. मूळ फोटो सगळ्यात वर ठेवा, ब्लेंड मोड `Difference` करा आणि त्याच्यावर Levels ने उजेड वाढवा. बरोबर काम झालं असेल तर काळ्या पडद्यावर सुटे ठिपके, चऱ्यांच्या बारीक रेषा आणि ठशाच्या जागी मऊ कंगोरे दिसतील. ठशाच्या भागात स्टीलच्या सरळ रेषा दिसल्या तर समजा पोत बदलला आहे. अख्ख्या चामड्यावर जाळी दिसली तर कुणीतरी फिल्टर मारला आहे. रेषांचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम वाढवलेला भाग एवढा याला अपवाद.

दुसरी तपासणी आकड्याची. Histogram पॅनेल विस्तारित रूपात उघडा, दुरुस्त केलेल्या भागात १०० बाय १०० पिक्सेलचा चौकोन निवडा आणि Std Dev, म्हणजे पातळ्यांचा चढउतार, वाचा. मग तसाच चौकोन त्याच उजेडातल्या, हात न लावलेल्या भागात घेऊन तुलना करा. पॅनेलवर इशाऱ्याचा त्रिकोण दिसत असेल तर त्यावर टिचकी मारा, नाहीतर जुना आकडा दिसतो. न हाताळलेल्या स्टीलवर ९ आणि दुरुस्त भागात ८.५ आलं तर ठीक. ६ आलं तर डोळ्याला अजून खटकत नसलं तरी तो भाग मोठ्या पडद्यावर मेणासारखा दिसेल. तिथे वरून नॉइज टाकून भरपाई करू नका. नॉइज सगळ्या दिशांना सारखा असतो, स्टीलच्या रेषांना एकच दिशा असते. तो भाग पुसून पुन्हा करायला सांगा.

सूचनेत आणखी एक यादी हवी: काय काढायचं नाही. चामड्याची छिद्रं आणि घडीच्या सुरकुत्या, शिलाईची भोकं, केसवरची कोरलेली अक्षरं, ब्रश आणि पॉलिश फिनिश जिथे मिळतात ती धार. रिटच करणाऱ्याने घड्याळ हातात घेतलेलं नसतं, त्यामुळे कोरीव खूण आणि चरा त्याला सारखेच दिसू शकतात. फोटोची एक लहान प्रत घेऊन राखायच्या जागांवर हिरवं आणि काढायच्या जागांवर लाल वर्तुळ काढून पाठवा. घड्याळ वापरलेलं असेल आणि तसंच विकलं जाणार असेल, तर केसवरचे चरे हिरव्या वर्तुळात येतात. त्या फोटोतून फक्त धूळ आणि ठसे काढायचे.